पिळाची तारजोडी व क्रॉसटॉक

पिळाची तारजोडी अथवा ट्विस्टेड पेअर म्हणजे विद्युतरोधक आवरण असलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींभोवती ठरावीक अंतराने पिळून केलेली जोडी होय. इमारतींमध्ये संगणकांचे जाळे उभारण्यासाठी जी केबल वापरतात, तिच्यात अशा चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा असतात. पीळ देण्याचा हेतू केबल मजबूत करणे हा नसून एका जोडीतील विद्युत संकेत शेजारच्या जोडीत उमटू न देणे हा आहे. संकेत असा शेजारी उमटण्याला क्रॉसटॉक म्हणतात. बाजारात कॅटेगरी ५ई, ६, ६ए अशा नावांनी मिळणाऱ्या केबलींमधील महत्त्वाचा फरक तांब्याच्या शुद्धतेचा नसून क्रॉसटॉक किती वारंवारतेपर्यंत आटोक्यात राहतो, याचा आहे.

== पार्श्वभूमी ==

आरंभीच्या दूरध्वनीसाठी तारायंत्राप्रमाणेच एकच तार वापरीत आणि विद्युतप्रवाहाच्या परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग करीत. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टला ही व्यवस्था पुरेशी होती. मानवी आवाजाला ती पुरेशी ठरली नाही. एकाच खांबावरून समांतर जाणाऱ्या तारांमध्ये एकाचे संभाषण दुसऱ्याला ऐकू येई. पुढे शहरांत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आल्या. त्यांचाही परतीचा प्रवाह रुळांतून व जमिनीतून जात असल्याने दूरध्वनीत मोठी खरखर होऊ लागली. त्यामुळे जमिनीचा परतीचा मार्ग सोडून प्रत्येक दूरध्वनीसाठी दोन तारांचे स्वतंत्र मंडल देण्याची पद्धत रूढ झाली.

केवळ दोन तारा दिल्याने प्रश्न पूर्णतः सुटला नाही, कारण समांतर जाणाऱ्या दोन तारांपैकी एक नेहमीच शेजारच्या मंडलाला अधिक जवळ राहते. खांबांवरील उघड्या तारांच्या बाबतीत यावर उपाय म्हणून काही ठरावीक खांबांवर दोन्ही तारांच्या जागांची अदलाबदल करण्यात येऊ लागली. हीच अदलाबदल सलग आणि अगदी थोड्या अंतरावर केली म्हणजे पीळ तयार होतो. दोन तारा परस्परांभोवती पिळण्याची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ मध्ये मिळालेल्या एका अमेरिकी पेटंटात मांडलेली आहे.

घरोघरी तारेचा दूरध्वनी होता त्या काळात मध्येच परक्याचे बोलणे कानी पडे, त्यास बोलीत सर्रास 'क्रॉस कनेक्शन' म्हणत. त्यातील बराचसा भाग जमिनीखालील केबलीत पाणी शिरणे किंवा आवरण खराब होणे यांसारख्या प्रत्यक्ष बिघाडांचा असे. या लेखात ज्याचा विचार केला आहे तो क्रॉसटॉक मात्र बिघाड नव्हे. तो अगदी निर्दोष केबलीतही असतो आणि तारा एकमेकींना कोठेही स्पर्श करीत नसताना होतो.

== पिळाचे कार्य ==

तारजोडीतून संकेत पाठविताना एका तारेवर जो विद्युतदाब असतो, त्याच्या नेमका उलट दाब दुसऱ्या तारेवर दिलेला असतो. घेणारे उपकरण दोन तारांवरील दाबांमधील केवळ फरक मोजते. म्हणून बाहेरचा एखादा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच उमटला, तर फरक काढताना तो आपोआप वजा होतो. दोन्ही तारांवर तो सारखा उमटेल अशी व्यवस्था करणे एवढेच मग उरते.

दोन जोड्या शेजारी-शेजारी सरळ जात आहेत, असे समजा. पहिल्या जोडीभोवती बदलते चुंबकीय व विद्युत क्षेत्र असते. दुसऱ्या जोडीतील जी तार जवळ आहे तिच्यावर त्याचा परिणाम अधिक होतो आणि दूरच्या तारेवर कमी. हा फरक प्रत्येक सेंटीमीटरला थोडा, असा संपूर्ण लांबीभर साचत जातो. आता दुसऱ्या जोडीला पीळ दिला, तर जी तार जवळ होती ती अर्ध्या पिळानंतर दूर जाते आणि दूरची जवळ येते. पहिल्या अर्ध्या पिळात साचलेला फरक पुढच्या अर्ध्या पिळात उलट चिन्हाने साचतो आणि बेरीज जवळजवळ शून्य होते.

याच कारणाने पीळ उपद्रव देणाऱ्या जोडीलाही उपयोगी पडतो. तिच्या दोन तारा जागा बदलत राहिल्याने तिच्याभोवतीचे क्षेत्र थोड्याच अंतरावर स्वतःलाच खोडून काढते. एखादी जोडी बाहेरचे कमी ऐकते, त्याच प्रमाणात ती बाहेर कमी बोलते.

येथे एक गोष्ट सहज निसटते. दोन्ही जोड्यांना अगदी सारख्याच लांबीचा पीळ दिला, तर पिळाचा फायदा बव्हंशी नाहीसा होतो. पहिल्या जोडीच्या तारा जेथे जागा बदलतात, नेमक्या तेथेच दुसरीच्याही बदलतात. म्हणजे उपद्रवाचे चिन्ह उलटते आणि तो ग्रहण करण्याचे चिन्हही उलटते. ऋण गुणिले ऋण धन, या शालेय नियमानुसार दोन्ही अर्ध्या पिळांतील फरक एकमेकांना खोडण्याऐवजी एकमेकांत मिळतात. म्हणून चार जोड्यांना पिळाच्या चार वेगवेगळ्या लांब्या दिलेल्या असतात. कॅटेगरी ५ई किंवा ६ च्या केबलीचे बाहेरचे आवरण सोलून जोड्या शेजारी ठेवल्यास हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एखाद्या जोडीचा पूर्ण पीळ सुमारे एक सेंटीमीटरमध्ये पुरा होतो, तर दुसरीला त्याहून बराच अधिक अंतर लागते.

पीळ हवा तितका घट्ट करता येत नाही. घट्ट पिळाच्या जोडीत तेवढ्याच केबलीसाठी अधिक लांब तार खर्ची पडते, संकेत अधिक क्षीण होतो आणि तो इतर जोड्यांच्या मागाहून पोहोचतो. चारही जोड्यांवर विभागून पाठविलेली माहिती पलीकडे पुन्हा जुळवायची असल्यामुळे सर्वांत जलद व सर्वांत मंद जोडीतील वेळेचा फरक १०० मीटरच्या जोडणीत ५० नॅनोसेकंदांहून अधिक असू नये, असे बंधन आहे.

== निकटच्या टोकाचा क्रॉसटॉक ==

क्रॉसटॉकचे दोन प्रकार मानतात. संकेत पाठविणारे उपकरण ज्या टोकाला असते, त्याच टोकाला शेजारच्या जोडीत जो उपद्रव परत येतो तो निकटच्या टोकाचा क्रॉसटॉक. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून नेक्स्ट असे म्हणतात. केबलीच्या पलीकडच्या टोकाला पोहोचणारा तो दूरच्या टोकाचा क्रॉसटॉक, म्हणजे फेक्स्ट. यांपैकी पहिला अधिक त्रासदायक असतो. संगणकाच्या मागील सॉकेटजवळ त्याचा स्वतःचा बाहेर जाणारा संकेत सर्वांत प्रबळ असतो आणि दुरून आलेला संकेत नेमका तेथेच सर्वांत दुबळा झालेला असतो. कानाशी मोठ्याने बोलत असताना दूरवरची कुजबूज ऐकण्यासारखे हे आहे.

याची मोजणी डेसिबलमध्ये करतात. दाबाच्या बाबतीत २० डेसिबल म्हणजे दहावा भाग आणि ४० डेसिबल म्हणजे शंभरावा भाग. नेक्स्टचा आकडा मूळ संकेताच्या तुलनेत उपद्रव किती खाली आहे हे सांगतो, म्हणून तो जितका मोठा तितकी केबल चांगली. क्षीणनाचा आकडा मात्र जितका लहान तितका चांगला. नवख्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

कॅटेगरी ५ई मधील १०० मीटरची पूर्ण जोडणी घेतल्यास, १०० मेगाहर्ट्झ वारंवारतेला क्षीणन २४ डेसिबलपर्यंत चालते आणि नेक्स्ट किमान ३०.१ डेसिबल असावा लागतो. दोन्ही टोकांनी एक-एक व्होल्टचा संकेत पाठविला, असे धरू. पलीकडचा संकेत येथपर्यंत येताना सुमारे ६३ मिलिव्होल्ट उरतो. त्याच वेळी आपल्याच संकेताचा शेजारच्या जोडीतून उमटलेला उपद्रव सुमारे ३१ मिलिव्होल्ट असतो. म्हणजे हवा असलेला संकेत नको असलेल्याच्या केवळ दुप्पट आहे.

तीच तुलना कॅटेगरी ६ च्या बाबतीत केल्यास १०० मेगाहर्ट्झला क्षीणन २१.३ आणि नेक्स्ट ३९.९ डेसिबल, म्हणजे संकेत ८६ मिलिव्होल्ट व उपद्रव १० मिलिव्होल्ट असे प्रमाण येते. क्षीणनात सुधारणा थोडी आहे. खरी सुधारणा क्रॉसटॉकमध्ये आहे, तो तिपटीने घटला. मात्र हीच केबल तिच्या अंतिम मर्यादेला, २५० मेगाहर्ट्झला, पाहिली तर क्षीणन ३५.९ आणि नेक्स्ट ३३.१ डेसिबल होतो. आलेला संकेत १६ मिलिव्होल्ट आणि उपद्रव २२ मिलिव्होल्ट! नको असलेला आवाज येथे हव्या असलेल्याहून मोठा झालेला आहे.

वारंवारता वाढली की दोन्ही बाजूंनी कोंडी होते, असे यावरून दिसते. तांब्यातील व आवरणातील व्यय वाढल्यामुळे संकेत क्षीण होतो. दुसरीकडे तारांमधील चुंबकीय व विद्युत जोड वाढतो आणि पिळांतील किरकोळ अनियमितपणाही महत्त्वाचा ठरू लागतो, त्यामुळे क्रॉसटॉक वाढतो. एक रेषा खाली उतरते, दुसरी वर चढते. जेथे त्या मिळतात तेथे साध्या उपकरणाच्या दृष्टीने केबल संपली. कॅटेगरी ६ ची आखणी करताना उरलेल्या तिन्ही जोड्यांचा एकत्रित नेक्स्ट धरूनही सुमारे २०० मेगाहर्ट्झपर्यंत संकेत वरचढ राहावा, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

== कॅटेगरींची वाटचाल ==

कॅटेगरी ही केबलीची व तिच्या जोडण्यांची प्रत होय. अमेरिकेतील टीआयए या संस्थेची मानके आणि आयएसओची आंतरराष्ट्रीय मानके ती ठरवितात. बहुतेक प्रतींत एकच लांबी गृहीत धरलेली असते: भिंतीतील पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही बाजूंच्या सुट्या दोऱ्या मिळून १० मीटर.

कॅटेगरी ३ ची मर्यादा १६ मेगाहर्ट्झ होती. कार्यालयांत दूरध्वनीसाठी घातलेल्या केबलीवरच संगणक जोडता यावेत म्हणून १९९० मध्ये १०बेस-टी हे इथरनेट मानक आले. त्याला अशी केबल पुरत असे. १९९५ मधील १००बेस-टीएक्सने १०० मेगाहर्ट्झची कॅटेगरी ५ आवश्यक केली. या दोन्ही पद्धतींत एक जोडी जाण्याची व एक येण्याची, अशा दोनच जोड्या वापरल्या जात आणि उरलेल्या दोन रिकाम्या राहत.

१९९९ मध्ये १०००बेस-टी, म्हणजे गिगाबिट इथरनेट आले तेव्हा हिशेब बदलला. त्यात चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी वापरल्या जातात, त्यामुळे प्रत्येक जोडीला तीन शेजाऱ्यांचा उपद्रव एकदम सोसावा लागतो. कॅटेगरी ५ च्या मानकात तो एकत्र मोजलेलाच नव्हता, दूरच्या टोकाच्या क्रॉसटॉकवरही मर्यादा नव्हती. या अटी घालून तयार झालेली सुधारित प्रत म्हणजे ५ई. जुन्या ५ च्या कित्येक केबली नव्या कसोटीला तशाच उतरल्या. केबल बदलली त्याहून मोजणी अधिक बदलली, असे म्हणता येईल.

गिगाबिटमध्ये उपकरणानेही मोठा वाटा उचलला. आपण इतर तीन जोड्यांवर काय पाठवीत आहोत हे संगणकातील चकतीला नेमके ठाऊक असते. त्यातून किती उपद्रव उमटेल याचा अंदाज ती सतत सुधारत राहते आणि आलेल्या संकेतातून तो वजा करते. केबलीने जे रोखले नाही, ते गणिताने पुसले जाते. २००२ मध्ये कॅटेगरी ६ चे मानक प्रसिद्ध झाले. तिच्या पुष्कळ केबलींत चार जोड्यांना अलग ठेवणारी प्लॅस्टिकची अधिक चिन्हाच्या आकाराची पट्टी मधोमध असते. तिचे कामही क्रॉसटॉक कमी करणे हेच.

== परका क्रॉसटॉक आणि कॅटेगरी ६ ची मर्यादा ==

२००६ मध्ये आलेल्या १०जीबेस-टी या दहा गिगाबिट मानकाने एक निराळाच अडसर पुढे आणला. हे मानक सुमारे ४०० ते ५०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याचा उपयोग करते. ५०० मेगाहर्ट्झला १०० मीटर गेल्यावर एका व्होल्टचे जेमतेम तीन-चार मिलिव्होल्ट उरतात आणि स्वतःच्या जोड्यांचा निकटचा उपद्रव त्याच्या दसपटीहून अधिक असतो. तरीही तो अजिंक्य नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे तो वजा करता येतो.

वजा करता येत नाही तो शेजारच्या केबलीतून येणारा उपद्रव. त्यास परका क्रॉसटॉक म्हणतात. शेजारची केबल दुसऱ्याच संगणकाची असते. तिच्यातून काय जात आहे हे या उपकरणाला कळण्याचा मार्ग नाही, आणि जे ठाऊक नाही ते वजा कसे करणार? शिवाय एकाच उत्पादकाच्या केबलींत निळ्या जोडीचा पीळ सर्वत्र सारख्याच लांबीचा असतो. एका केबलीत जोड्यांना वेगवेगळे पीळ देऊन मिळविलेले संरक्षण दोन केबलींच्या समान रंगाच्या जोड्यांमध्ये उपयोगी पडत नाही. केबली एकमेकींना चिकटवून, सरळ, थोड्या-थोड्या अंतरावर आवळून बांधल्या तर हा उपद्रव वाढतो. दिसायला नेटकी असलेली मोळी येथे सैलसर पसरलेल्या केबलींपेक्षा वाईट ठरते.

याच कारणाने कॅटेगरी ६ ची केबल दहा गिगाबिटसाठी पूर्ण १०० मीटर चालत नाही. साधारणतः ३७ मीटरपर्यंत ती चालावी असे मानतात. ३७ ते ५५ मीटरच्या दरम्यान आजूबाजूच्या केबलींवर सर्व अवलंबून असते. तांबे तेच, पीळही बरेचसे तसेच. अंतर आखडले ते शेजाऱ्यामुळे. २००८ मधील ६ए या प्रतीत परक्या क्रॉसटॉकवर मर्यादा घातली गेली. तिची चाचणी घेताना एक केबल मधोमध ठेवून तिच्याभोवती सहा केबली गुंडाळतात आणि सहाही चालू असताना मधल्या केबलीत काय उमटते ते मोजतात. ही कसोटी पार करण्यासाठी उत्पादकांनी बहुधा बाहेरचे आवरण जाड करून जोड्यांमधील अंतर वाढविले किंवा धातूच्या पातळ पत्र्याचे वेष्टन दिले. ६ए ची केबल जाडजूड व वळविण्यास कठीण असते, ती त्यामुळेच. भिंतीतील नळ्या पूर्वीच्या केबलींच्या मापाने घातल्या असतील, तर ही अडचण प्रत्यक्षात मोठी ठरते.

प्रत्येक जोडीला स्वतंत्र धातूचे वेष्टन दिल्यास क्रॉसटॉक इतका घटतो की क्षीणनच मुख्य मर्यादा बनते. २०१६ मध्ये मानकीकृत झालेली कॅटेगरी ८ वेष्टित असून २००० मेगाहर्ट्झपर्यंत जाते, पण तिच्या जोडणीची लांबी ३० मीटरपर्यंतच मर्यादित आहे.

== जोडणीतील दोष ==

केबल कितीही चांगली असली तरी टोकाला प्लग बसविताना पीळ उलगडावाच लागतो. निकटच्या टोकाचा क्रॉसटॉक मुख्यत्वे पहिल्या काही मीटरांतच उद्भवत असल्याने हा उलगडलेला तुकडा त्याच्या लांबीच्या मानाने फार महाग पडतो. कॅटेगरी ५ई व ६ साठी उलगडलेला भाग १३ मिलिमीटरहून अधिक नसावा, असा दंडक आहे.

याहून गंभीर व फसवा दोष म्हणजे फुटलेली जोडी. आठ टोकांच्या प्लगमध्ये जोड्यांची जागा १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशी ठरलेली आहे. मधली ४-५ ही जोडी आणि तिच्या दोन बाजूंना ३-६, हा विचित्र क्रम अमेरिकेतील जुन्या दूरध्वनीच्या प्लगशी जुळता राहावा म्हणून आला. तो ठाऊक नसलेला कारागीर साहजिकच केशरी जोडी १-२ ला, हिरवी ३-४ ला, निळी ५-६ ला व तपकिरी ७-८ ला लावतो आणि दुसऱ्या टोकालाही तसेच करतो. आता संगणकाच्या दृष्टीने ३-६ ही जी जोडी आहे, तिची एक तार हिरव्या जोडीतील आणि दुसरी निळ्या जोडीतील असते. या दोन तारांना एकमेकींभोवती पीळच नाही. विद्युतदृष्ट्या त्या सरळ समांतर तारा झाल्या.

अशी केबल दिव्यांच्या साध्या परीक्षकावर निर्दोष दिसते. एकापासून आठपर्यंत दिवे क्रमाने लागतात, कारण प्रत्येक तार योग्य टोकाशी पोहोचलेली आहे. एक-दोन मीटरची सुटी दोरी असेल तर ती चालूही शकते. चाळीस मीटरच्या पक्क्या केबलीत मात्र जोडणी झाल्याचा दिवा लागतो, लहानसहान देवाणघेवाण होते, आणि मोठी फाइल पाठविताच वेग कोसळतो; उपकरणाच्या नोंदीत सदोष चौकटींची संख्या चढत जाते. काही उपकरणे गिगाबिट सोडून आपणहून खालच्या वेगावर उतरतात. केवळ विद्युतसातत्य तपासून केबलीला उत्तीर्ण ठरविणे किती अपुरे आहे, हे या उदाहरणाइतके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

हा दोष ओळखण्यासाठी जोड्यांमधील क्रॉसटॉक प्रत्यक्ष मोजणारे परीक्षक यंत्र लागते. मोजणी दोन्ही टोकांकडून करावी लागते, कारण एका टोकाच्या प्लगमधील दोष दूरच्या टोकावरून पाहिल्यास संपूर्ण केबलीच्या क्षीणनात दोनदा बुडून जातो. चांगली यंत्रे क्रॉसटॉक केबलीच्या कोणत्या अंतरावर होत आहे याचा आलेखही काढतात. आलेखात केवळ टोकापाशी उंचवटा असेल तर प्लग किंवा सॉकेट पुन्हा बसविणे पुरते. संपूर्ण लांबीभर उपद्रव सारखा पसरलेला असेल तर जोडी फुटलेली आहे किंवा केबलच खालच्या प्रतीची आहे असे समजतात. पैकी पहिला दोष दोन्ही टोके योग्य क्रमाने पुन्हा लावून दूर होतो, दुसऱ्यासाठी केबल बदलावी लागते.